औषधाच्या पत्रकाचा फोटो आणि मात्रेचे मराठी

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या पातळ कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्यावरचा मजकूर मराठीत वाचायचा, ही सोय आता गावोगावी पोहोचली आहे. तिच्याबद्दलचा वाद मात्र मिटलेला नाही. असे भाषांतर करावे की नाही, करायचे तर त्यातला कोणता भाग मराठीत आणावा आणि कोणता जसाच्या तसा ठेवावा, यावर औषधविक्रेते, डॉक्टर, भाषांतरकार आणि रुग्णांचे नातेवाईक यांची मते वेगवेगळी आहेत. या वादाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. भाषांतरात शब्द चुकला तर वाक्य विचित्र दिसते आणि वाचणारा थबकतो. आकडा, एकक किंवा संक्षेप चुकला तर वाक्य पूर्वीइतकेच सुबक राहते आणि कोणी थबकत नाही.

खेडची बाजू

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात हा प्रश्न दोन वाटांनी येतो. पहिली वाट महाराष्ट्रात सगळीकडे आहे तीच. मेडिकलमधून आणलेल्या औषधाचे पत्रक इंग्रजीत असते, आणि घरात औषध देणारी व्यक्ती बहुधा मराठीच वाचते. दुसरी वाट खास कोकणातली आहे. खेड, दापोली, चिपळूण या पट्ट्यातल्या असंख्य घरांतली माणसे पिढ्यानपिढ्या आखातात नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना ती तापाची, मधुमेहाची, थायरॉइडची औषधे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन येतात. त्या खोक्यांतली पत्रके अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत छापलेली असतात. माणूस परत जातो, औषध घरात राहते, आणि पुढचे वाचन फोटोवर होते.

ही दोन पत्रके एकाच जातीची नव्हेत. भारतात १९४५च्या औषध नियमांतील अनुसूची ‘ड’ने पत्रक इंग्रजीत असावे आणि त्यात कोणते मुद्दे यावेत हे ठरवले आहे. हे पत्रक मुख्यतः डॉक्टरांसाठी लिहिलेले असते. ते केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्या वापरासाठी असल्याची ओळही अनेकदा डोक्यावर छापलेली असते. त्यात कोणत्याही एका रुग्णाची मात्रा नसते. वय, वजन, आजार आणि मूत्रपिंडाची स्थिती यांनुसार मात्रेच्या मर्यादा दिलेल्या असतात. युरोपात मात्र २००१च्या औषधविषयक निर्देशाप्रमाणे पत्रक रुग्णाला समजेल अशा शब्दांत आणि त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते. आखातात मिळणाऱ्या बऱ्याच औषधांची पत्रके या दुसऱ्या वळणाची असतात. डॉक्टरसाठी लिहिलेल्या मजकुराचे निर्दोष मराठी केले, तरी तो रुग्णासाठीचा मजकूर होत नाही. भाषांतराच्या अचूकतेवर बोलताना ही पहिली पायरी बहुतेक वेळा वगळली जाते.

आतापर्यंतची तपासणी

यंत्राने केलेल्या वैद्यकीय भाषांतराची पाहणी सुमारे पंधरा वर्षे चालू आहे. २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या औषधदुकानांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे संगणकाने स्पॅनिशमध्ये छापलेल्या लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या. पुष्कळ लेबले अर्धी इंग्रजी आणि अर्धी स्पॅनिश होती. ‘एकदा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द भाषांतर न होता तसाच राहिला, तर स्पॅनिश वाचकाला तो ‘अकरा’ असा वाचता येतो, हा धोका तिथे दाखवून दिला गेला. अर्धवट भाषांतर हे भाषांतर न करण्याहून वाईट ठरू शकते, हे त्यातून दिसले.

मराठीचा उल्लेख २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. नॉटिंगहॅमच्या दोन डॉक्टरांनी दहा वैद्यकीय वाक्ये गूगलच्या भाषांतर सेवेतून २६ भाषांत नेली आणि त्या भाषा बोलणाऱ्यांकडून ती परत इंग्रजीत आणवली. एकूण ५७.७ टक्के भाषांतरे बरोबर निघाली. आशियाई भाषांत हे प्रमाण ४६ टक्के होते. मराठीत तर हृदयक्रिया बंद पडल्याचे वाक्य हृदयाला कैद झाल्यासारखे उतरले होते. हे उदाहरण पुढे विनोद म्हणून फिरले, पण त्यातली सुरक्षितता कोणी फारशी पाहिली नाही: असे वाक्य वाचून कोणीही त्यावर विश्वास ठेवत नाही.

नंतर ही यंत्रे बदलली. २०१७ साली गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी नवी, वाक्य एकसंध घेऊन भाषांतर करणारी पद्धत आणली, त्यामुळे २०१४चे आकडे आजच्या साधनांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. २०१९ साली अमेरिकेत रुग्णालयातून घरी जाताना दिल्या जाणाऱ्या सूचना तपासल्या गेल्या, तेव्हा स्पॅनिशमधली ९२ टक्के आणि चिनीतली ८१ टक्के वाक्ये बरोबर होती. पण रुग्णाला गंभीर इजा होऊ शकेल अशी वाक्ये स्पॅनिशमध्ये २ टक्के आणि चिनीत ८ टक्के निघाली. २०२१च्या अशाच पाहणीत स्पॅनिश ९४ टक्क्यांवर होती, तर आर्मेनियन ५५ टक्क्यांवर. ज्या भाषेत छापील आणि संगणकीय मजकूर जास्त, तिचे भाषांतर चांगले, हा कल स्पष्ट आहे. या पाहण्या टंकलिखित वाक्यांवर झाल्या. फोटोत त्याआधी आणखी एक टप्पा असतो, आणि मात्रेच्या बऱ्याचशा चुका तिथेच जन्माला येतात.

फोटोत आकडा कसा बदलतो

फोटोवरून भाषांतर करणारे साधन दोन कामे करते. आधी ते चित्रातली अक्षरे ओळखते, मग त्या अक्षरांचे भाषांतर करते. पहिल्या टप्प्यात चूक झाली, तर दुसरा टप्पा तिचेच सुबक मराठी करतो. शब्दातले एखादे अक्षर पुसट असले तरी आजूबाजूच्या अक्षरांवरून यंत्र तो शब्द सावरून घेते. आकड्याला असा शेजार नसतो. कागदाच्या घडीवर आलेला दशांशाचा ठिपका नाहीसा झाला, तर २.५चे २५ होतात, आणि २५ हाही अगदी रीतसर आकडा आहे. गोळ्यांच्या पाकिटाच्या चकचकीत पत्र्यावर उजेड पडला की एखादे शून्य जाते. अर्ध्या गोळीचे ½ हे चिन्ह कधी १ तर कधी १२ असे वाचले जाते. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई आरपार दिसते आणि तिचा ठिपका पुढच्या आकड्याला चिकटतो.

तक्ता असेल तर अडचण वाढते. वजनाचा एक स्तंभ आणि मात्रेचा दुसरा, अशी मांडणी यंत्राने ओळीओळीने वाचली की १० किलोच्या ओळीतली मात्रा १५ किलोसमोर येऊ शकते. स्तंभाचे शीर्षक फोटोच्या बाहेर राहिले, तर आकडा दिवसाचा की एका वेळचा, हे सांगणारे दुसरे काहीच उरत नाही.

आखातातल्या पत्रकांत याच्या जोडीला अंकांची अडचण येते. अरबीतला पाच ٥ असा गोल असतो आणि शून्य ٠ असा ठिपका. मराठी डोळ्याला पहिला अंक शून्य वाटतो आणि दुसरा दशांशचिन्ह. पाचशे ही संख्या ٥٠٠ अशी छापलेली असते. खेडमधल्या उर्दू वाचणाऱ्या घरांना हे अंक ओळखीचे वाटतात, पण उर्दूतले चार, पाच आणि सहा अरबीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, त्यामुळे ओळखही पूर्ण भरवशाची नाही. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, संख्या मात्र डावीकडून उजवीकडे वाचली जाते. म्हणून ‘पाच ते दहा’ अशी मर्यादा किंवा सकाळ-दुपार-रात्र यांची मांडणी पडद्यावर उलटी येऊ शकते. सकाळी एक आणि रात्री एक अशी मात्रा उलटली तरी तीच राहते, पण फक्त सकाळच्या गोळीची फक्त रात्रीची गोळी होते. अशा पत्रकात इंग्रजी बाजू उपलब्ध असते. तिचाच फोटो घ्यावा आणि अरबी बाजू पडताळणीला ठेवावी, यावर सहसा कोणाचा आक्षेप नाही.

एकके

औषधाचे वजन मुख्यतः मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. थायरॉइडच्या गोळ्यांसारखी काही औषधे इतकी प्रभावी असतात की त्यांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. मायक्रोग्रॅमची खूण µg अशी छापली असेल, तर फोटोत तिचा ग्रीक µ सहज m म्हणून ओळखला जातो आणि ५० मायक्रोग्रॅमचे ५० मिलिग्रॅम होतात. या कारणाने अमेरिकेतील सुरक्षित औषधवापराच्या संस्थेने µg ऐवजी mcg लिहावे असे सुचवले, आणि भारतात थायरॉइडच्या औषधांवर बहुधा mcg हीच खूण दिसते. आखातातून किंवा युरोपातून आलेल्या खोक्यावर मात्र µg भेटू शकते. गोळी गिळताना ही चूक सहसा इजा करत नाही, कारण गोळीत असायचे तेवढेच औषध असते. धोका दुकान बदलताना उद्भवतो. ‘५० मिलिग्रॅमची गोळी’ असा निरोप मराठीत पुढे गेला की समोरचा माणूस त्या ताकदीची, पण दुसरीच गोळी शोधू लागतो.

मराठीत आल्यावर एक नवी अडचण तयार होते, आणि ती इंग्रजीत नव्हती. मिलिग्रॅमचा संक्षेप ‘मि.ग्रॅ.’ आणि मिलिलिटरचा ‘मि.लि.’ असा लिहिण्याची पद्धत आहे. दोन्ही ‘मि.’ने सुरू होतात, आणि ‘मि.’ हा मिनिटाचाही संक्षेप आहे. घाईने वाचणाऱ्याला पहिले अक्षर दिसते आणि उरलेले तो मनाने भरतो. पातळ औषधाच्या बाटलीवर वजन आणि आकारमान ही दोन्ही एकाच ओळीत असतात, उदाहरणार्थ प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, त्यामुळे हा गोंधळ नेमका जिथे व्हायला नको तिथेच होतो. शासकीय मराठीत एककांच्या संक्षेपाला मान्यता असली तरी मात्रेच्या वाक्यात एकक पूर्ण शब्दात लिहावे, हे मत म्हणूनच सगळ्यांत सबळ वाटते. चार अक्षरांची जागा वाचवून काही साधत नाही.

पातळ औषधाचे दुसरे माप म्हणजे चमचा. वैद्यकीय चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरतात. मराठीत दोन्हींना ‘चमचा’च म्हणतात, आणि ‘मोठा’ हे विशेषण भाषांतरात गळले तर मात्रा एक तृतीयांश होते. घरातले चमचे तर कोणत्याच मापाचे नसतात. बाटलीच्या झाकणाने औषध देण्याची पद्धतही सर्रास आहे. झाकणावर रेघा असतील तरच ते माप, नाहीतर ते झाकणच.

तिसरे एकक वजनाचे नाही आणि आकारमानाचेही नाही. इन्सुलिन आणि जीवनसत्त्व ‘ड’ यांच्यावर IU अशी खूण असते. तिचा अर्थ आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे औषधाच्या परिणामावरून ठरवलेले माप. हाताने लिहिलेला U शून्यासारखा दिसतो आणि १० एककांचे १०० होतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संयुक्त आयोगाने २००४ साली न वापरण्याच्या संक्षेपांची यादी काढली, तीत U आणि IU दोन्ही आहेत. पूर्णांकानंतरचे दशांशशून्य आणि दशांशचिन्हाआधी शून्य न लिहिणे यांनाही त्याच यादीने मनाई केली.

इन्सुलिनची गोष्ट भारतात आणखी गुंतते. इथल्या बऱ्याच कुप्यांत प्रत्येक मिलिलिटरला ४० एकके असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. पेनमध्ये आणि बहुतेक परदेशांत प्रत्येक मिलिलिटरला १०० एकके असतात, आणि त्या सिरिंजेचे टोपण नारिंगी असते. आखातातून नारिंगी टोपणाच्या सिरिंजा घेऊन आलेल्या माणसाने खेडमध्ये ४०ची कुपी घेतली आणि सिरिंजेवरच्या २०च्या रेघेपर्यंत इन्सुलिन भरले, तर त्यात ०.२ मिलिलिटर औषध येते, म्हणजे २० नव्हे, ८ एकके. उलट बाहेरून आणलेली १००ची कुपी लाल टोपणाच्या सिरिंजेने २०च्या रेघेपर्यंत घेतली, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० एकके शरीरात जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दोन्ही वेळा मात्रेचे भाषांतर ‘२० एकके’ असे अगदी बरोबर असते. इथे चूक भाषेत नसून साधनात असते, म्हणून कुपीवरचा ४० किंवा १००चा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा जुळतो का हे पाहण्यावाचून उपाय नाही.

संक्षेप

छापील पत्रकात ‘दिवसातून दोनदा’ वगैरे बहुधा पूर्ण लिहिलेले असते. संक्षेप येतात ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि खोक्यावर औषधविक्रेत्याने लिहिलेल्या ओळीत, आणि फोटोत ही दोन्ही पत्रकाशेजारी असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडल्यास. ही सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत, पण भारतात ती इतकी रुळली आहेत की मेडिकलमध्ये त्यांचे मूळ कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

यांपैकी ओडीचे दोन अर्थ आहेत. डोळ्यांच्या औषधात तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरतात. ‘दिवसातून एकदा’ आणि ‘उजव्या डोळ्यात’ यांपैकी काय, हे फक्त औषध कोणते यावरून ठरते, आणि यंत्राला ते कळेलच असे नाही. एसओएसचा प्रश्न वेगळा आहे. जहाजाच्या संकटाची हाक म्हणून ती अक्षरे सर्वांना माहीत असल्याने काही जण त्यातून तातडीचे औषध, म्हणजे लगेच घ्यायचे, असा अर्थ काढतात. भाषांतरात ‘गरज पडल्यास’ एवढे लिहूनही काम पुरे होत नाही. दोन डोसांत किमान किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा घ्यायचे, हे सोबत हवे. मूळ चिठ्ठीत ते नसेल तर भाषांतरकाराने ते स्वतः घालू नये, विचारून घ्यावे.

महाराष्ट्रात १-०-१ ही पद्धत सर्वत्र चालते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अक्षर न वाचणाऱ्यालाही ती समजते आणि तिला भाषांतर लागत नाही. फोटोत मात्र यंत्र तिला कधी १०१ तर कधी तारीख समजते. तिच्यात एक उणीवही आहे. रोज घ्यायची गोळी आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी यांतला फरक ती दाखवू शकत नाही. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते रोज घेतल्याने जगभर मृत्यू झाले आहेत. भारतात सर्रास दिली जाणारी जीवनसत्त्व ‘ड’ची ६०,००० एककांची कॅप्सूलही आठवड्याची असते, तर परदेशातून आणलेली १,००० एककांची गोळी रोजची असते. दोन्ही एकाच डब्यात ठेवलेल्या घरात ‘आठवड्यातून’ हा शब्द गळणे किती महागात पडेल, हे सांगायला नको. म्हणून अशा औषधासाठी मराठीत ‘दर सोमवारी’ असा वार लिहून द्यावा, असे मत पुढे आले आहे आणि त्याला विरोध नाही. तसेच ‘दिवसातून’ आणि ‘दिवसाआड’ हे शब्द मराठीत दिसायला इतके जवळचे आहेत की दुसऱ्याऐवजी ‘एक दिवस सोडून’ लिहिणे बरे.

एका उदाहरणाचा हिशेब

डॉक्टरांसाठीच्या पत्रकांत लहान मुलांची मात्रा किती सहज तिप्पट होऊ शकते, हे अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या एका नेहमीच्या ओळीवरून पाहता येते. तिचा आशय असा असतो: दर किलो वजनाला दर दिवशी २० ते ४० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी विभागून. मुलाचे वजन १२ किलो आहे आणि डॉक्टरांनी वरची मर्यादा निवडली आहे, असे धरू. दिवसाची एकूण मात्रा १२ गुणिले ४०, म्हणजे ४८० मिलिग्रॅम. आठ तासांनी म्हणजे दिवसातून तीनदा, तेव्हा एका वेळी १६० मिलिग्रॅम. बाटलीत प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेल तर एका वेळी ६.४ मिलिलिटर. त्याच औषधाच्या दुप्पट ताकदीच्या बाटलीत, म्हणजे ५ मिलिलिटरला २५० असेल तर ३.२ मिलिलिटर.

आता ‘दर दिवशी’ आणि ‘विभागून’ हे शब्द भाषांतरात गळतात आणि ओळ अशी होते: दर किलोला २० ते ४० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. वाक्य स्वच्छ आहे, व्याकरणाला धरून आहे आणि मूळ आकडे तसेच आहेत. पण आता एका वेळी ४८० मिलिग्रॅम, म्हणजे १९.२ मिलिलिटर, जवळपास चार चमचे, आणि दिवसाचे १,४४० मिलिग्रॅम होतात. भाषांतराची तुलना मूळ आकड्यांशी केली तर काहीच चुकलेले दिसणार नाही. चूक ओळखायची ती हिशेबाने. बाटली पाणी घालून ६० मिलिलिटर होणारी असेल, तर योग्य मात्रेने ती तीन दिवस पुरते. चुकीच्या मात्रेने ती एका दिवसातच जवळजवळ संपते. डॉक्टरने पाच दिवसांसाठी दोन बाटल्या लिहून दिल्या असतील, तर त्या आकड्याशी कोणता हिशेब जुळतो हे लगेच कळते. मेडिकलवाले हाच पडताळा मनातल्या मनात करतात, आणि भाषांतरावर विसंबणाऱ्या नातेवाइकालाही तो करता येतो, कारण त्याला भाषा लागत नाही.

चार मते

या सगळ्यातून काय करावे, यावर ढोबळमानाने चार मते आहेत. पहिले मत डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांत जास्त आढळते. पत्रक डॉक्टरांसाठी असल्याने ते घरी भाषांतरित करूच नये, मात्रा चिठ्ठीवरून आणि तोंडी समजून घ्यावी. यामागचे कारण भक्कम आहे, पण ते चिठ्ठी हातात असण्यावर उभे आहे. आखातातून आलेल्या औषधाला अनेकदा चिठ्ठीच नसते. कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा खेडच्या एखाद्या दवाखान्यात त्या औषधाचे खोके दाखवले तरी उत्तर मिळते, आणि हा मार्ग भाषांतरापेक्षा कधीही बरा. पण रात्री अकरा वाजता तो सगळ्यांना सहज गाठता येत नाही.

दुसरे मत भाषाप्रेमींचे. मजकूर पूर्ण मराठीत आणावा, एकके आणि अंक यांसह. अर्ध्या इंग्रजी वाक्याचा धोका ब्रॉन्क्सच्या पाहणीने दाखवला आहे, हा त्यांचा आधार. तिसरे मत त्याच्या उलट बाजूने येते. शब्द मराठीत आणावेत, पण औषधाचे नाव, आकडा आणि एकक खोक्यावर छापले आहे तसेच ठेवावे, कारण वाचणाऱ्याला शेवटी भाषांतर खोक्याशी ताडून पाहायचे असते. या दोन मतांतला तंटा वरवर वाटतो त्यापेक्षा लहान आहे. एकक खोक्यावर आहे तसे आणि त्याच्या लगेच मागे पूर्ण मराठी शब्द, असे दोन्ही लिहिले की दोघांचेही मुद्दे सांभाळले जातात, फक्त जागा जास्त लागते.

चौथे मत दरवेळचे भाषांतरच टाळते. मात्रेची वाक्ये मोजकीच असतात, ती एकदा माणसांकडून भाषांतरित आणि तपासून घ्यावीत आणि नंतर फक्त निवडून वापरावीत. कॅलिफोर्नियाच्या औषधनिर्माण मंडळाने अशी ठरावीक वाक्ये स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन आणि व्हिएतनामी या पाच भाषांत तयार करून दुकानांना दिली आहेत. त्यात चुकीला जागा फार कमी उरते, पण पत्रकातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच्या मात्रेसारख्या गोष्टी अशा यादीत मावत नाहीत.

अजून न सुटलेले

अंकांचा प्रश्न छोटा वाटतो, पण त्यावर एकमत नाही. मराठी पुस्तकांत देवनागरी अंक आहेत, औषधावर मात्र कायम आंतरराष्ट्रीय अंक असतात. देवनागरी १ आणि आंतरराष्ट्रीय 9 यांचे वळण सारखे आहे, आणि फोटो वाचणाऱ्या यंत्रालाही ते फसवते. वयस्कर वाचकांना देवनागरी अंक सोपे जातात, तर खोक्याशी ताडून पाहताना तेच आड येतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत.

जबाबदारीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. फोटोवरच्या भाषांतरामुळे मात्रा चुकली तर दोष कोणाचा, हे ठरवणारी स्पष्ट तरतूद औषधविषयक नियमांत नाही. औषधामुळे त्रास झाल्यास रुग्ण स्वतः कळवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आणि रुग्णांसाठीचा अर्ज आहे. पण ही यंत्रणा औषधाच्या दुष्परिणामांसाठी उभारलेली आहे, भाषांतराच्या चुकांची वेगळी नोंद ठेवण्यासाठी नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून देशात विकल्या जाणाऱ्या तीनशे प्रमुख ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो मोबाइलने वाचता येतो, आणि त्यात फोटोतल्या अक्षरांसारखे ठिपके गळत नाहीत. सक्तीच्या माहितीत औषधाचे आणि ब्रँडचे नाव, उत्पादक, तुकडी क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशा बाबी आहेत. मात्रेचा मजकूर, मराठीत किंवा अन्य कोणत्याही भाषेत, त्यात नाही. तो घालायचा तर डॉक्टरांसाठीचे पत्रक घालायचे की रुग्णासाठी नवे लिहायचे, हे आधी ठरवावे लागेल.